हॉस्टेलच्या सोलरचा प्रस्ताव संस्थेकडून परत येतो, तेव्हा : या चुका टाळा

मुलींच्या वसतिगृहासाठी १००० लिटरचा फ्लॅट प्लेट सोलर वॉटर हीटर मागणारं एक पत्र मी तपासलं होतं. राहणाऱ्या ८० जणी, गच्ची मोकळी, दक्षिणेला सावली नाही. तरीही संस्थेच्या सचिवांनी समासात एवढंच लिहून पत्र परत पाठवलं : 'बचतीचा आधार काय?' प्रश्न अगदी रास्त होता.

पत्रातलं गणित असं होतं. १००० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४१ युनिट लागतात. गिझरमधली उष्णतेची गळती धरून ४५. वर्षाचे ३६५ दिवस आणि युनिटला ११ रुपये धरले की बचत १,८०,६७५ रुपये. सोलरचं कोटेशन २,४०,००० रुपयांचं. म्हणजे सोळा महिन्यांत पैसे वसूल! गुणाकार बरोबर आहे, पण ही सोलरची क्षमता झाली, बचत नव्हे. आज गिझरवर जेवढे पैसे जातात त्यापेक्षा जास्त पैसे सोलर वाचवूच शकत नाही. आणि गिझरवर नेमके किती जातात, ते पत्रात कुठेच नव्हतं.

ते शोधायला अवघड नाही. गिझरच्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून सबमीटर बसवून घ्या आणि आठवडाभर रोज त्याच वेळी रीडिंग लिहा. इथे जानेवारीत दिवसाला ३८ युनिट निघाले. ४५ नव्हे, कारण रांग मोठी की गिझर पुरत नाही आणि शेवटच्या मुली गार पाण्यानेच उरकतात. त्यांना गरम पाणी मिळेल ही सोय झाली, तिचा उल्लेख वेगळ्या परिच्छेदात करा. ती बचतीत मिसळली की हिशेब फुगतो.

दुसरी चूक ३६५ दिवसांची. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी वजा केली की हॉस्टेल साधारण २७० दिवस भरलेलं असतं, आणि त्यातही सगळे दिवस सारखे नसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे ११० दिवस ऊन स्वच्छ, तेव्हा रोज ३४ युनिट वाचतील असं धरू. मार्च-एप्रिलच्या ५५ दिवसांत ऊन भरपूर, पण गरम पाण्याला गिऱ्हाईकच कमी, म्हणून २०. जून ते ऑक्टोबरमधल्या १०५ दिवसांत मागणी असते पण ढगही असतात, म्हणून १५. बेरीज ६,४१५ युनिट, म्हणजे सुमारे ७०,५०० रुपये. देखभालीचे ८,००० वजा केले की उरतात ६२,५००.

युनिटचा दर बिलावरूनच घ्या. ऊर्जा आकार, वहन आकार आणि त्यावरचं वीज शुल्क धरा, पण स्थिर आकार धरू नका. सोलर बसवला म्हणून तो कमी होत नाही.

खर्चही २,४०,००० वर थांबत नाही. कोटेशनमध्ये बहुधा टाकी, कलेक्टर आणि स्टँड एवढंच असतं. पंपाशिवाय चालणाऱ्या प्रकारात गार पाण्याची टाकी गरम टाकीच्या वर लागते. न्हाणीघरांपर्यंत इन्सुलेशन केलेली पाइपलाइन लागते. नुसतं पाणीच एक टन, म्हणून स्लॅबबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लागतो. या सगळ्याचे ९०,००० धरले की ३,३०,००० होतात, आणि परतफेड सव्वापाच वर्षांची. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे बिलावरून आणि कोटेशनवरून येतील. पण सोळा महिन्यांवर भुवया उंचावणारे सचिव सव्वापाच वर्षं शांतपणे वाचतात, कारण प्रत्येक आकड्यामागे कागद असतो.

सुधारलेल्या पत्रातला मजकूर असा होता :

'मा. सचिव यांस, मा. प्राचार्यांमार्फत. विषय : मुलींच्या वसतिगृहात १००० लिटर क्षमतेची सौर उष्णजल यंत्रणा बसविण्याबाबत. सबमीटरच्या सात दिवसांच्या नोंदी, मागील बारा वीजबिले व तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत. पावसाळ्यासाठी सध्याचे गिझर कायम ठेवावेत, अशी विनंती आहे.'

'गिझर कायम' हे वाक्य गाळू नका. ते नसलं की जुलैतल्या पहिल्या तक्रारीला तुम्हीच जबाबदार ठरता.

पाणी बोअरचं असेल तर आणखी एक पाहा. जुन्या गिझरचं एलिमेंट बाहेर काढा. त्यावर पांढरा जाड थर असेल तर तोच थर कलेक्टरच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत बसेल, आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागेल. अशा ठिकाणी हीट एक्स्चेंजरचा प्रकार मागा, त्यात बोअरचं पाणी कलेक्टरच्या नळ्यांत जातच नाही. तो महाग पडतो, म्हणून परतफेडीचा हिशेब त्याच दराने करा.

पाइपच्या लांबीकडेही बघा. एक इंची पाइपच्या वीस मीटरमध्ये सुमारे दहा लिटर पाणी उभं असतं. सकाळी पहिली मुलगी ते गार पाणी सोडून देते, आणि 'सोलर चालत नाही' ही बातमी नाश्त्याच्या आधी रेक्टरबाईंकडे पोचते. टाकी न्हाणीघरांच्या डोक्यावर येईल अशी जागा नकाशावर दाखवून तो नकाशा पत्रासोबत जोडा.