पॅनोरमाच्या कातरलेल्या कडा छाटताना जास्तीत जास्त दृश्य कसं वाचवायचं

फोटो जोडून झाले की पॅनोरमाच्या भोवती पायऱ्यापायऱ्यांची रिकामी किनार उरते. तिच्यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘ऑटो क्रॉप मारा आणि मोकळे व्हा’. या सल्ल्यापायी अनेक डोंगरांची शिखरं उडालेली मी पाहिली आहेत. ऑटो क्रॉप फक्त क्षेत्रफळ मोजतो. रिकामी जागा न येता सर्वांत मोठा आयत कुठे बसतो एवढंच त्याला कळतं. वरच्या बाजूला शिखर आहे आणि खाली नुसतं गवत, हे त्याला दिसत नाही. गवत राखून शिखर कापणं त्याच्या हिशेबात बरोबरच ठरतं.

क्रॉपला हात लावण्याआधी क्षितिज सरळ करा, आणि तेही जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच. ह्यूजिनमध्ये झटपट प्रीव्ह्यूच्या खिडकीत `Straighten` दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. नंतर फोटो एडिटरमध्ये फिरवू असं म्हणू नका. १२००० पिक्सेल रुंदीवर २ अंशांचा कल म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४०० हून जास्त पिक्सेलचा फरक. तो फिरवून काढलात तर जवळपास तेवढीच उंची हातची जाते. आणि क्षितिज कमानीसारखं वाकलेलं असेल, तर नुसतं फिरवून ते कधीच सरळ होत नाही.

प्रोजेक्शन, म्हणजे फिरून घेतलेलं दृश्य सपाट करण्याची पद्धत, सिलिंड्रिकल ठेवा. रुंद दृश्य रेक्टिलिनियरमध्ये बसवलं की दोन्ही टोकं फुगतात, मधला भाग बारीक उरतो आणि आयत त्या बारीक भागाच्या मापानेच काढावा लागतो. फाइल टिफमध्ये, पारदर्शक कडांसह घ्या. जेपेगमध्ये पारदर्शकता राहत नाही.

आता खरा अवघड टप्पा. मी बराच काळ इथेच अडकायचो, कारण कडा एकंदरीत किती वेड्यावाकड्या आहेत याकडेच माझं लक्ष असायचं. त्याने काही ठरत नाही. आयताची वरची सीमा ठरवते ती वरच्या कडेची सर्वांत खोल खाच, आणि खालची सीमा खालच्या कडेची सर्वांत खोल खाच. बाकी कडा ८० पिक्सेलच आत गेली असेल आणि एकच खाच ४२० पिक्सेल खोल असेल, तर त्या एका खाचेपायी पूर्ण रुंदीभर ३४० पिक्सेल दृश्य जातं. म्हणून आधी त्या दोन-तीन खाचा शोधा. पॅनोरमाच्या लेयरखाली भडक गुलाबी रंगाचा लेयर टाका. पांढऱ्या पार्श्वभूमीवर फिकट आकाशातली खाच नजरेतून सुटते, गुलाबीवर सुटत नाही.

प्रत्येक खाचेला तीनच उपाय आहेत: ती खाच असलेलं टोक कापा, खाच भरा, किंवा कडा ताणून खाच झाका. कुठे कोणता, हे एका उदाहरणात बघू.

तळ्यामागच्या डोंगररांगेचा पॅनोरमा घ्या, कॅनव्हास १२००० बाय ३६००. वर-खाली कडा सगळीकडे साधारण ८० पिक्सेल आत आहेत. डाव्या टोकाला वर ४२० खोल आणि ७०० रुंद खाच आहे, आणि तिथल्या झाडाचा शेंडा तिच्यात अर्धवट तुटला आहे. उजव्या टोकाला खाली ३०० खोल, १५०० रुंद तिरकी खाच, तिथे फक्त गवत. दोन्ही खाचा टाळून वर-खाली सरळ कापलंत तर १२००० बाय २८८० उरतं.

डावी खाच आधी. वरून कापायची तर ३४० पिक्सेल उंची जास्तीची जाते, म्हणजे एरवी उरणाऱ्या ३२२० उंचीच्या सुमारे साडेदहा टक्के. तेच टोक उभं कापलं तर ७०० पिक्सेल रुंदी जाते, सहा टक्क्यांहूनही कमी. शिवाय त्या टोकाला तुटक्या झाडापलीकडे बघण्यासारखं काही नाही. भरायचा तर प्रश्नच नाही, कारण झाडाचा शेंडा सॉफ्टवेअर मनाने रचेल आणि तो खोटा दिसेल. टोक कापा. आता ११३०० बाय ३२२०.

उजव्या खाचेचं गणित नेमकं उलटं. टोक कापलं तर १५०० पिक्सेल, म्हणजे तेरा टक्के रुंदी जाते, आणि बदल्यात उंची मिळते २२० पिक्सेल, सात टक्क्यांच्या आत. हा व्यवहार तोट्याचा. पण तिथे गवत आहे, आणि भरायचा त्रिकोण पूर्ण चित्राच्या अर्ध्या टक्क्याहूनही लहान. फोटोशॉपमध्ये तेवढीच जागा निवडून `Content-Aware Fill` करा. चौकट होते ११३०० बाय ३४४०. सरळ कापलेल्या चौकटीपेक्षा हे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा टक्क्यांनी जास्त आहे.

भरण्याबाबत माझं मत पक्कं आहे. मोकळं आकाश, गवत, वाळू, संथ पाणी बिनधास्त भरा. छप्पर, तारा, कठडा, भिंत, माणूस, म्हणजे जिथे सरळ रेघ किंवा ओळखू येणारा आकार आहे, तिथे एक पिक्सेलही भरू नका. भरून झाल्यावर शंभर टक्के झूमवर बघा. तोच दगड किंवा तोच ढग शेजारी दुसऱ्यांदा दिसला, तर फिल रद्द करून छोट्या तुकड्यांत करा.

ताणण्याचा उपाय लाइटरूममध्ये `Boundary Warp` या स्लायडरने होतो. तो थेट १०० वर नेऊन ठेवायचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. रिकामी जागा तेवढ्याने जाते, पण कडेजवळच्या सरळ गोष्टी वाकतात आणि टोकाला उभी असलेली माणसं रुंद होतात. डोंगर आणि झाडं हे सहन करतात. पाण्याची कड आणि इमारत करत नाही. स्लायडर हळूहळू वर न्या, नजर क्षितिजावर ठेवा, ते लहरायला लागलं की थोडं मागे या. उरलेली खाच कापून किंवा भरून निस्तरा. हे ताणणं क्रॉपच्या आधीच करायचं, कारण ताणल्यावर खाचांची खोली बदलते आणि वरचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं.

मग क्रॉप. गुणोत्तराचं कुलूप उघडा, नाहीतर वर वाचवलेलं बाजूने जाईल. फोटोशॉपमध्ये `Delete Cropped Pixels` वरची खूण काढून टाका, म्हणजे कापलेला भाग फाइलमध्ये राहतो आणि चौकट नंतर सरकवता येते.

चौकट खाचेला अगदी टेकवू नका, तीन-चार पिक्सेल आत घ्या. कडेचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक असतात आणि छापल्यावर त्यांची बारीक रेघ उमटते. मोठ्या झूमवर चारही बाजू फिरून बघा. कुठेही गुलाबी झाक दिसली, तर ती बाजू आणखी दोन पिक्सेल आत ओढा, आणि मगच गुलाबी लेयर काढून सेव्ह करा.