आयव्ही लाल झाली, सुजली, की आउट झाली? वॉर्डात नव्याने येणाऱ्या सिस्टरांसाठी

मेडिकल वॉर्डात नवीन स्टाफ आली की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सिस्टर, १२ नंबरची आयव्ही खराब झालीये, काढून टाकली." मी विचारते, खराब म्हणजे काय झालं होतं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "सुजली होती." सूज फ्लेबायटिसमध्येही असते आणि इन्फिल्ट्रेशनमध्येही, पण दोन्हींत करायचं काम वेगळं. तिसऱ्या एका प्रकारात तर कॅन्युला लगेच उपसली की नुकसानच होतं.

म्हणून आधी हात लावा. ग्लोव्हज घालून चिकटपट्टीच्या वरच्या बाजूची कातडी बोटांच्या पाठीने तपासा आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघा. गरम, लाल, दाबलं की दुखतं, लाली शिरेच्या वाटेने वर सरकलीये, तर फ्लेबायटिस. गार, फिकट, ताणलेली, अंगठी रुतल्यासारखी दिसते, तर सलाईन शिरेबाहेर गेलंय, म्हणजे इन्फिल्ट्रेशन.

फ्लेबायटिससाठी व्हीआयपी स्कोअर पाठ असू द्या, ० ते ५. नुसतं किंचित दुखणं किंवा किंचित लाली असेल तर १, तेव्हा लक्ष ठेवायचं. दुखणं, लाली, सूज यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली की २, आणि तिथेच कॅन्युला काढून दुसरीकडे टाकायची. शीर दोरीसारखी हाताला लागेपर्यंत किंवा ताप येईपर्यंत थांबायचं नाही. पू किंवा ताप असेल तर डॉक्टरांना कळवा, ब्लड कल्चर लागू शकतं. गरम शेक द्या, शीर चोळू नका. नवीन कॅन्युला शक्यतो दुसऱ्या हातात.

इन्फिल्ट्रेशनमध्ये नवीन मुली एका गोष्टीवर फसतात. बाटली खाली धरली, नळीत रक्त आलं, म्हणजे लाईन चालू आहे असं धरून चालतात. सुईच्या टोकाचा थोडा भाग शिरेत आणि थोडा बाहेर असला तरी रक्त दिसतं. त्यापेक्षा कॅन्युलाच्या टोकाच्या वर शीर बोटाने दाबा. सलाईन शिरेत जात असेल तर थेंब थांबतात किंवा मंदावतात, तरीही टपटप चालूच राहिली तर ते बाहेर साठतंय. पंपावर ही चाचणी चालत नाही, कारण पंप दाबाने ढकलत राहतो. साधं सलाईन असेल तर बंद करा, कॅन्युला काढा, हात उशीवर उंच ठेवा.

आता तिसरा प्रकार, एक्स्ट्राव्हेजेशन: इजा करणारं औषध बाहेर जाणं. आमच्याकडे सेप्सिसचे एक काका आयसीयूचा बेड मिळेपर्यंत वॉर्डात होते. नॉरॲड्रेनालिन हाताच्या पाठीवरच्या गुलाबी कॅन्युलातून पंपावर चालू. रात्री म्हणाले, "सिस्टर, हात चुरचुरतोय." पाहिलं तर कॅन्युलाभोवती कातडी पांढरीफटक आणि गार. पंप लगेच थांबवला. पण बीपी त्याच औषधावर टिकून होतं, म्हणून जोडीदार सिस्टरने तेवढ्यात दुसऱ्या हाताच्या तयार लाईनवर तोच इन्फ्युजन जोडला. ही दुसरी लाईन आधीपासून ठेवलेली असणं, हेच अशा पेशंटचं खरं नर्सिंग.

कॅन्युला मात्र तशीच ठेवली. नळी सुटी करून तिला रिकामी सिरिंज लावली आणि जेवढं औषध परत ओढता आलं तेवढं हलक्या हाताने ओढलं. फ्लश अजिबात केलं नाही, कारण त्याने उरलेलं औषधही मांसात गेलं असतं. पेनाने पांढऱ्या भागाची कड आखली, वेळ लिहिली, डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी फेन्टोलामिन १० मिली नॉर्मल सलाईनमध्ये मिसळून बारीक सुईने त्या भागात कातडीखाली दिलं. डोस साधारण ५ ते १० मिलिग्रॅम असतो आणि १२ तासांच्या आत द्यावा लागतो. त्याने बीपी उतरू शकतं, म्हणून आम्ही मोजत राहिलो. औषध स्टॉकमध्ये नसेल तर पर्याय डॉक्टर ठरवतात, त्यामुळे तुमच्या फार्मसीत ते असतं का, हे पेशंट नसतानाच विचारून ठेवा. शेक गरम द्यायचा, बर्फ नाही: नॉरॲड्रेनालिनने आधीच रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. काही केमोच्या औषधांना मात्र गारच शेक लागतो, म्हणून औषधाचं नाव पाहिल्याशिवाय पिशवी उचलू नका.

बाकीचं थोडक्यात. कॅन्युला ब्लॉक झाली तर जोर लावून फ्लश करू नका, गुठळी पुढे सरकेल, बदला. टाकताना करंट लागल्यासारखी कळ गेली तर तिथेच थांबून काढा. लालभडक रक्त ठोक्याने उसळलं तर धमनी लागलीये: काढा, किमान ५ मिनिटं घट्ट दाबून ठेवा, डॉक्टरांना सांगा.

परीक्षेत "सर्वांत आधी काय कराल?" आलं आणि पर्यायांत इन्फ्युजन थांबवणं असेल, तर उत्तर तेच. नोट्समध्ये "आयव्ही आउट, रिमूव्ह्ड" एवढंच लिहू नका. जागा, कॅन्युलाचा गेज, कोणतं औषध चालू होतं, अंदाजे किती बाहेर गेलं, स्कोअर, कातडी कशी दिसली, कोणाला किती वाजता कळवलं, हे सगळं लिहा. पुढच्या पाळीतली सिस्टर त्या पेनाच्या कडेशी ताडूनच सूज वाढली की ओसरली ते सांगू शकते.