चेक परत आल्यावर नोटीस लिहिताना या चुका टाळा

चेक बाउन्स झाला की आमच्याकडे येणारा माणूस दोन प्रकारचा. एक चेक परत आल्याचा बँकेचा मेमो खिशात घालून दोन महिने समोरच्याच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवतो आणि मग येतो. दुसरा कुणाच्या तरी मोबाईलवरून नोटीसचा नमुना उतरवून, नाव-गाव बदलून, पोस्टात टाकून येतो आणि म्हणतो, "नोटीस गेलीय की ओ वकीलसाहेब, आता केस घाला." पहिल्याचं काय करायचं ते पुढे बघू. दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते, कारण त्याला वाटत असतं की काम झालंय.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 मध्ये नोटीस हा नुसता इशारा नाही, गुन्हा पुरा होण्यातली ती एक पायरी आहे. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी मागणी करायची. ती मागणी मिळाल्यापासून 15 दिवसांत चेक देणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तरच गुन्हा झाला. त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. या तीन मुदती कागदावर वेगवेगळ्या मांडून ठेवल्या नाहीत तर गोंधळ ठरलेला.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक रकमेची आहे. मागायची ती चेकची रक्कम. कायद्यात शब्द आहेत "सदर रक्कम" असे, आणि त्याचा अर्थ चेकवर लिहिलेला आकडा. एकूण येणं किती, व्याज किती, गाडीभाडं किती, हा हिशेब त्या मागणीत कालवायचा नाही.

बेळगावातल्या वडगावच्या एका मागवाल्याचं उदाहरण सांगतो. गडहिंग्लजच्या एका कापड व्यापाऱ्याला साड्या उधारीवर दिलेल्या, बिलं मिळून 3,40,000 रुपये येणं. त्यापोटी व्यापाऱ्याने 4 जानेवारी तारखेचा 1,85,000 रुपयांचा एक चेक दिला. चेक परत आला, कारण लिहिलं होतं शिल्लक अपुरी, आणि मेमो हातात पडला 20 जानेवारीला. या माणसाने कुणा अर्ज लिहिणाऱ्याकडून नोटीस करून घेतली. भाषा अशी कडक की वाचूनच घाम फुटावा. चेकचा नंबर, तारीख, मेमोची तारीख सगळं बरोबर. शेवटच्या परिच्छेदात मात्र: "तरी एकूण थकबाकी 3,40,000 रुपये, द.सा.द.शे. 24 टक्के व्याजासह, सात दिवसांत भरावी."

चेकच्या 1,85,000 ची मागणी कुठेच नाही. नोटीस वाचणाऱ्या व्यापाऱ्याला केसमधून सुटायला नक्की किती पैसे द्यायचे ते कळायला हवं, आणि या नोटिशीतून ते कळत नाही. सुप्रीम कोर्टाने राहुल बिल्डर्सच्या 2007 च्या निकालात हेच पाहिलं होतं: चेक एक लाखाचा, नोटिशीत मागणी सगळ्या थकलेल्या बिलांची, आठ लाखांच्या वर. नोटीस बाद, केस बाद. 2025 मध्ये कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात तर चेक एक कोटीचा आणि नोटिशीत आकडा दोन कोटी पडला. टायपिंगची चूक म्हणून सांगितलं, कोर्टाने ते ऐकलं नाही. म्हणून "एखादा शून्य इकडेतिकडे झाला तर काय होतंय" असं म्हणणाऱ्याला मी आधी हा निकाल सांगतो.

व्याज आणि नोटीस खर्च मागूच नये असं नाही. चेकची रक्कम स्वतंत्र आणि स्पष्ट मागितलेली असेल तर बाकीच्या मागण्यांनी नोटीस बिघडत नाही, हे सुमन सेठी विरुद्ध अजय चुरीवाल या निकालात 2000 सालीच ठरलंय. पण मी स्वतः त्या वाटेला जात नाही. उरलेल्या उधारीसाठी वेगळी नोटीस, वेगळा कागद. 138 च्या नोटिशीत माझा मागणीचा परिच्छेद असा असतो:

"आपण दिलेला चेक क्रमांक अमुक, दिनांक 4 जानेवारी, रक्कम रु. 1,85,000 (अक्षरी एक लाख पंच्याऐंशी हजार) हा न वटता परत आला असून, सदर चेकची रक्कम रु. 1,85,000 ही नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत माझे अशिलास द्यावी."

त्यात दुसरा आकडा येऊ द्यायचा नाही. टाईप झाल्यावर चेक, मेमो आणि नोटीस टेबलावर शेजारी शेजारी ठेवून एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून बघायचं. ऑफिसातली नवीन पोरं याला कंटाळतात. कंटाळू देत.

आता त्या नोटिशीतल्या सात दिवसांकडे या. 15 हा आकडा नोटिशीत लिहिलाच पाहिजे असं कलमात नाही. मुदत कायद्यानेच दिलेली आहे, तुम्ही सात लिहा नाहीतर तीन, समोरच्याला पंधरा मिळतातच. मग बिघडतं कुठे? एक तर समोरच्या वकिलाच्या हातात फुकटचा मुद्दा जातो. दुसरं, सात लिहिणारा माणूस आठव्या दिवशी फिर्याद दाखल करायला धावतो. पंधरा दिवस संपण्याआधी दाखल केलेली फिर्याद चालत नाही, मध्यंतरी पंधरा दिवस उलटून गेले तरी चालत नाही, हे योगेंद्र प्रताप सिंह प्रकरणात 2014 ला पक्कं झालंय. तशीच दुसरी चूक म्हणजे "नोटिशीच्या तारखेपासून 15 दिवस". तारखेपासून नाही, मिळाल्यापासून. नोटीस बेळगावातून सुटून चंदगड तालुक्यातल्या वाडीवर पोचायला लागतात ते दिवस चेक देणाऱ्याच्या खात्यात धरत नाहीत.

तर तो वडगावचा गडी माझ्याकडे आला 24 फेब्रुवारीला. मेमो मिळाला तो दिवस सोडून मोजलं तर तीस दिवस 19 फेब्रुवारीला संपलेले. नवीन नोटीस त्या मेमोवर पाठवता येत नव्हती, आणि इथे लक्षात ठेवायचं असं की फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते, नोटिशीच्या तीस दिवसांना तशी सोय कायद्यात नाही. पण चेकची तीन महिन्यांची मुदत अजून शिल्लक होती. त्या मुदतीत चेक पुन्हा बँकेत टाकता येतो आणि दुसऱ्यांदा परत आला तर त्या मेमोवर नव्याने नोटीस देता येते. एम.एस.आर. लेदर्सच्या निकालापासून याबद्दल शंका उरलेली नाही. पहिल्या प्रकारचा, दुकानाच्या पायऱ्या झिजवणारा माणूसही याच दारातून वाचतो, चेक शिळा झाला नसेल तर. म्हणून कुणी आलं की मी मेमोच्या आधी चेकची तारीख बघतो.

27 फेब्रुवारीला चेक पुन्हा टाकला, 3 मार्चला नवा मेमो मिळाला, 6 मार्चला वरच्या नमुन्याची नोटीस गेली आणि 10 मार्चला व्यापाऱ्याला मिळाली. मिळाल्याचा दिवस सोडून पंधरावा दिवस 25 मार्च. 26 ला फिर्यादीचं कारण उभं राहतं, आणि तिथून एक महिना, म्हणजे 26 एप्रिलपर्यंत. हा कॅलेंडरचा महिना असतो, तीस दिवस नव्हेत. मी मात्र शेवटच्या आठवड्याला काही ठेवत नाही. शेवटच्या दिवशी फिर्याद घालण्यात ज्यांना शौर्य वाटतं त्यांनी ते खुशाल करावं.

काही चुका थोडक्यात. "खातं बंद" किंवा "पेमेंट थांबवलं" असा शेरा आला म्हणून 138 लागत नाही असं समजू नका, लागतं. चेक कंपनीचा असेल तर नोटीस कंपनीच्या नावाने गेलीच पाहिजे, सही करणाऱ्या डायरेक्टरला एकट्याला पाठवून भागत नाही. व्यापारी महाराष्ट्रातला आहे म्हणून केस गडहिंग्लजला घालावी लागेल या भीतीने माणसं मुदत घालवतात; चेक तुमच्या खात्यात वटवायला टाकला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस टाकून निळ्या टिकांचा फोटो काढणाऱ्यांनी तो फोटो खुशाल जपावा, पण त्या भरवशावर पोस्टाचे पैसे वाचवू नयेत.

पत्त्याबद्दल मात्र जरा बोलावं लागेल. आपल्या सीमाभागात एकाच गावाचं नाव कन्नड आणि मराठीत वेगवेगळं लिहिलं जातं, एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. अंदाजाने पत्ता लिहायचा नाही. बिलावरचा, चेकवरच्या फर्मचा आणि घरचा, जेवढे खरे पत्ते हाताशी आहेत तेवढ्यांवर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवायची. योग्य पत्त्यावर गेलेली नोटीस "नाकारली", "घर बंद" किंवा "मागणी केली नाही" अशा शेऱ्याने परत आली तरी ती मिळाली असं कोर्ट धरतं, सी. सी. अलवी हाजी प्रकरणात हे आलंय. मात्र पत्ता मुळात चुकला असेल तर हे गृहीतक मदतीला येत नाही. परत आलेलं पाकीट फोडू नका, कोर्टात तसंच द्यायचं असतं. पोस्टाच्या साईटवरची ट्रॅकिंगची नोंद त्याच आठवड्यात छापून ठेवा. पुढे ती सापडत नाही, आणि पंधरा दिवस कुठून मोजले हे दाखवायला तोच कागद लागतो.

भाषा कोणती, असं नेहमी विचारतात. कायद्याने भाषा ठरवलेली नाही. मी इंग्रजीत करतो आणि समोरचा मराठी असेल तर सोबत मराठी, गोकाककडचा असेल तर कन्नड प्रत लावतो. दोन्ही प्रतींत आकडे एकच आहेत ना, एवढं बघा.

चेक दिल्यानंतर आणि तो बँकेत टाकण्याआधी समोरच्याने काही पैसे दिले असतील, तर पूर्ण चेक तसाच टाकून पूर्ण रकमेची नोटीस देणं म्हणजे केस हातानं घालवणं. दशरथभाई पटेल प्रकरणात 2022 मध्ये नेमकं हेच झालं. मिळालेली रक्कम चेकवर नोंदवून उरलेल्या रकमेपुरता चेक वापरता येतो, पण बाकीच्या रकमेचा नवा चेक मागून घेणं मला जास्त पसंत.

नोटिशीनंतर आलेल्या पैशांची गोष्ट निराळी. आमच्या व्यापाऱ्याने 22 मार्चला 50,000 खात्यावर टाकले आणि फोन केला, "पाडवा होऊ दे, बाकीचे देतो." वडगावचा माणूस तेवढ्यावर खूश, केस नको म्हणायला लागला. पंधरा दिवसांत चेकची पूर्ण रक्कम यावी लागते, थोडी आली म्हणून मुदत थांबत नाही आणि गुन्हाही टळत नाही. मी त्याला 50,000 ची पावती चेकचा नंबर घालून, "भाग रक्कम, हक्क राखून" असं लिहून द्यायला लावली. पाडवा झाला, पैसे आले नाहीत, आणि 11 एप्रिलला उरलेल्या रकमेचा खुलासा करून फिर्याद बेळगावच्या कोर्टात दाखल झाली. मिळालेले 50,000 फिर्यादीत सांगायलाच हवेत. लपवले तर उलटतपासणीत बाहेर येतातच.