अवतरणचिन्हातलं वाक्य आपलं नसतं

जनसंपर्क एजन्सीत लागून मला चार महिने झाले होते. एका जिवाणू खताच्या कंपनीची प्रेस नोट माझ्याकडे आली. खरीप तोंडावर होता. कंपनीने शेतावर घेतलेल्या प्रात्यक्षिकाला कृषी विद्यापीठातल्या एक शास्त्रज्ञ मॅडम आल्या होत्या आणि त्यांचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं.

त्या म्हणाल्या होत्या, "मी पाहिलेल्या चार प्लॉटवर सोयाबीन बरं आलं. पण गेल्या खरिपात पाऊस वेळेवर पडला. त्यात खताचा वाटा किती, हे सांगायला अजून एक हंगाम बघावा लागेल."

कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी मसुदा परत पाठवला. मॅडमच्या नावापुढे आता असं होतं: "या खतामुळे सोयाबीनचं उत्पन्न वाढतं, हे सिद्ध झालं आहे." मी नाही म्हटलं. "अहो, अर्थ तोच आहे ना?" असं त्यांनी फोनवर विचारलं. अर्थ तो नव्हता. मॅडमनी जे सांगायचं राखून ठेवलं होतं, तेच त्यांच्या तोंडी घातलं होतं.

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला: फक्त पहिलं वाक्य ठेवू. नवीन माणूस इथे हमखास फसतो, कारण शब्द तर सगळे मॅडमचेच. पण "पण" पासून पुढचं कापलं की चांगल्या पिकाचं श्रेय आपोआप खताला जातं. म्हणून कोट आखूड करताना मी आधी जर, पण, अजून, कदाचित हे शब्द शोधते. ते गेले आणि वाक्याचा कल बदलला, तर तो काप चालत नाही.

"म्हणजे", "आपलं ते" असली अडखळणं मी काढते, तुटलेलं वाक्य जोडते. कंपनीच्या एमडींचा कोट बहुतेकदा आम्हीच लिहितो. तो त्यांनी वाचून मान्य केला की त्यांचा होतो. बाहेरच्या माणसाने प्रत्यक्ष उच्चारलेल्या शब्दांचं तसं नाही. आणि जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर रात्री नोट लावणारा उपसंपादक मॅडमना फोन करून खात्री करेलच असं नाही. छापलेलं वाक्य वाचून बियाण्याबरोबर खताची पिशवी उचलणारा शेतकरी मात्र विद्यापीठाच्या नावावर विश्वास ठेवतो.

मी मार्केटिंगवाल्यांना सुचवलं, की उत्पन्नवाढीचा दावा कंपनीच्या नावाने, अवतरणचिन्हांबाहेर जाऊ दे: "कंपनीचं म्हणणं आहे की…". मॅडमचा कोट तिन्ही वाक्यांसह राहील. नसेल पटत, तर तो पूर्ण काढू. दोन तास उत्तर आलं नाही. तोवर मी आमच्या सरांना रेकॉर्डिंग ऐकवलं आणि दोन्ही मसुदे शेजारी ठेवून दाखवले. शेवटी कंपनीने पूर्ण कोट मान्य केला.

पाठवण्याआधी तो मॅडमना व्हॉट्सअ‍ॅप केला. त्यांनी एकच बदल सांगितला: "बरं" ऐवजी "चांगलं". तो मी लगेच केला आणि त्यांचा मेसेज रेकॉर्डिंगच्याच फोल्डरमध्ये ठेवला.