प्रोफाइलमधलं ‘आमच्याविषयी’ लिहिताना मी काय चुकलो

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक सेंटरलेस ग्राइंडर आणि मला धरून अकरा माणसं. आम्ही पिन आणि बुश बनवतो. पहिली चार वर्षं कामं ओळखीतून आली, त्यामुळे प्रोफाइल कधी लागलंच नाही. मग एका मोठ्या कंपनीच्या परचेसमधून फोन आला, “कंपनी प्रोफाइल पाठवा.” मी रात्री बसून मालकाचं मनोगत लिहिलं: अत्याधुनिक यंत्रसामग्री, महिन्याला ५० हजार नगांची क्षमता, शंभर टक्के तपासणी, ग्राहकाचं समाधान हेच ध्येय वगैरे.

पंधरा दिवसांनी त्यांचा इंजिनीअर शॉपवर आला. हातात तेच पान प्रिंट करून आणलेलं आणि खिशाला पेन्सिल. चहा घेता घेता त्याने ५० हजाराखाली रेघ मारली आणि विचारलं, “सायकल टाइम किती आहे?”

नव्याने प्रोफाइल लिहिणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण तो हिशोब कुठलाही परचेसवाला दोन मिनिटांत करतो. आमच्या पिनला टर्निंगला जॉब लावण्या-काढण्यासकट ९५ सेकंद लागतात. शिफ्ट आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. त्यातून जेवण आणि दोन चहा गेले की ४३० उरतात. इन्सर्ट बदलणं, ऑफसेट देणं, फर्स्ट पीस पास करून घेणं यात आणखी अर्धा तास जातो. राहिली ४०० मिनिटं, त्यात कागदावर २५२ पिना बसतात. प्रत्यक्षात कधी बार संपतो, कधी चिप अडकते, म्हणून मी २१५ धरतो. गुरुवारी सुट्टी, त्यामुळे महिन्याचे दिवस २५. दोन शिफ्टमध्ये एका मशीनवर १०,७५० पिना, तिन्हींवर ३२ हजाराच्या आसपास. त्यातलं एक मशीन जुन्या ग्राहकाच्या कामाला बांधलेलं. म्हणजे त्या कंपनीला मी देऊ शकत होतो महिन्याला २१ हजार, आणि लिहिले होते ५० हजार.

त्याला २१ हजारांची अडचण नव्हतीच. त्यांची गरज आठ हजारांची होती. पण एक आकडा फुगवलेला सापडल्यावर पुढचं प्रत्येक वाक्य तो संशयाने वाचणार हे उघड होतं, आणि तसंच झालं. पेन्सिल ‘शंभर टक्के तपासणी’वर आली.

“इन्स्पेक्टर किती?”

“एक.”

ड्रॉइंगवर पाच मापं आहेत. पाचही मापं घ्यायला एका पिनेला एक मिनिट धरा. तिन्ही मशीन चालू असली तर दिवसाला १,२९० पिना पडतात, म्हणजे साडेएकवीस तासांचं काम. एक माणूस ते करूच शकत नाही. खरं तर आम्ही काही वाईट करत नव्हतो. बाहेरचा व्यास प्रत्येक पिनेचा स्नॅप गेजने बघत होतो, त्याला चार-पाच सेकंद लागतात. लांबी आणि तेलाचं भोक मात्र दर पंचविसाव्या नगाला. हेच सरळ लिहिलं असतं तर त्याला पटलं असतं. ‘शंभर टक्के’ हा शब्द ज्या मापाला लागू आहे त्या मापाचं नाव त्याच्यासोबत यायला हवं. कडकपणाचं तर बोलायलाच नको. २० एमएनसीआर ५ची पिन केस हार्डनिंग केल्यावर कडक थराची खोली बघायची तर पिन कापावीच लागते. तिथे शंभर टक्के म्हणणं म्हणजे सगळा माल कापून टाकणं. आम्ही हीट ट्रीटमेंटच्या दर लॉटमागे पाच पिना रॉकवेलवर बघतो आणि एक कापून बाहेरच्या लॅबला देतो.

त्या वेळी ऑर्डर मिळाली नाही. मनोगत मी पुन्हा लिहिलं, पण त्यातला सगळ्यात कामाचा परिच्छेद त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका ग्राहकाकडे झालेल्या रिजेक्शनमुळे सुचला.

२५ मिलिमीटरची पिन होती, टॉलरन्स एच-सिक्स. म्हणजे २५.००० ते २४.९८७, सगळी मिळून १३ मायक्रॉनची जागा. आमच्याकडे ६०० पिना पास झाल्या, त्यांच्याकडे मोठा भाग कमी मापाचा निघाला. दोन्हीकडची उपकरणं कॅलिब्रेशनमध्ये होती. शेवटी आमच्या सेटरने एक पिन ग्राइंडरवरून काढल्या काढल्या कंपॅरेटरखाली धरली. २४.९९० आली, पास. तीच पिन त्याने मास्टरशेजारी ठेवली आणि जेवून आला. मग २४.९८६, नापास. मे महिना, कूलंटची टाकी तापलेली, आणि पिन मास्टरपेक्षा सुमारे १३ अंश गरम. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, म्हणजे २५ मिलिमीटरवर १३ अंशांना पावणेचार मायक्रॉन. आपल्याला ते क्षुल्लक वाटतं, पण १३ मायक्रॉनच्या जागेत हा चौथा हिस्सा झाला. गोम अशी की पिन आणि मास्टर दोन्ही सारखेच गरम असते तर फारसा फरक पडला नसता.

तेव्हापासून पिना आणि मास्टर एकाच सरफेस प्लेटवर अर्धा तास ठेवून मगच मापं घेतो, आणि ग्राइंडिंगला २४.९९२च्या खाली जात नाही. मनोगतात हेच दोन ओळींत लिहिलं. नंतर आलेल्या तिघांपैकी दोघांनी आधी ती प्लेट बघायला मागितली. ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’ हे जुनं वाक्य वाचून कुणी काही बघायला मागितलं नव्हतं.

आता आमचं मनोगत एका पानाचं आहे. मुख्य भाग जसाच्या तसा देतो:

“आम्ही १२ ते ४० मिमी व्यासाच्या आणि १५० मिमीपर्यंत लांबीच्या पिना व बुश बनवतो. टर्निंग, ड्रिलिंग आणि ग्राइंडिंग आमच्याकडे होतं. हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतो, त्यासाठी चार दिवस धरावेत. २५ मिमीची पिन महिन्याला २१ हजारांपर्यंत देऊ शकतो. व्यास प्रत्येक नगाचा तपासतो, लांबी व भोक दर पंचविसाव्या नगाचं. प्रत्येक लॉटसोबत मटेरियलचं टीसी, हीट नंबर आणि कडकपणाचा रिपोर्ट येतो. ४० मिमीच्या वरचं काम आम्ही घेत नाही.”

हीट ट्रीटमेंट बाहेरची आहे हे लिहू नये, असं माझ्या पार्टनरचं मत होतं. ग्राहक थेट तिकडे जाईल ही त्याची भीती. मला ते पटलं नाही. आलेला माणूस शॉपमध्ये भट्टी शोधतोच, आणि ती नाही हे त्याला स्वतःहून कळलं तर आपण लपवलं असा अर्थ होतो. काम कोण करतो त्याचं नाव मात्र पानावर टाकू नका. विचारलं तर तोंडी सांगा.

शेवटच्या ओळीवरही आमचा वाद झाला होता. मागच्या महिन्यात चाकणहून एकाचा फोन आला. ५५ मिमीची पिन हवी होती. “तुम्ही घेत नाही हे वाचलं,” तो म्हणाला, “पण कोण घेतं ते तुम्हाला ठाऊक असेल.” मागच्या गल्लीतल्या एकाचा नंबर दिला. फोन ठेवायच्या आधी त्याने ३० मिमीच्या बुशचं ड्रॉइंग पाठवतो म्हणून सांगितलं. ते संध्याकाळी आलं, आणि सध्या त्याच्या सॅम्पलचे ५० नग प्लेटवर गार होत पडलेत.