प्लंबरची नवी वेबसाइट: पानं बनवायच्या आधीची तयारी

मावसभाऊ कोथरूडला प्लंबिंगची कामं घेतो, त्याची वेबसाइट करताना जे आधी करायला हवं होतं आणि जे उशिरा सुचलं ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी कुठलंही टूल न उघडता प्लंबरचा फोन हातात घ्या आणि गेल्या तीन-चार महिन्यांचे गिऱ्हाइकांचे व्हॉट्सॲप मेसेज वाचा, लोक अडचण कोणत्या शब्दात सांगतात ते जसंच्या तसं शीटमध्ये उतरवा. भावाला पानाला ‘ड्रेनेज सोल्युशन्स’ असं नाव द्यायचं होतं, पण मेसेजमध्ये ड्रेनेज हा शब्द एकानेही लिहिलेला नव्हता, सगळीकडे ‘बेसिन चोकअप झालंय’, ‘सिंकचं पाणी जात नाहीये’, ‘फ्लशमधून पाणी चालूच राहतं’ असंच. गिऱ्हाईक शोधताना पण हेच शब्द टाकणार ना.

मग हे शब्द गूगलमध्ये एकेक करून टाइप करा, शेवटी एंटर न मारता खाली काय सुचवतंय ते बघा आणि तेही शीटमध्ये घ्या. मराठी माणूससुद्धा शोधताना बऱ्याचदा रोमन अक्षरात टाइप करतो, बोलून शोधणारे मात्र अनेकदा मराठीत बोलतात, म्हणून दोन्ही रूपं लिहून ठेवा. कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणारं गूगल जाहिरातींचं टूल म्हणजे कीवर्ड प्लॅनर, त्यात लोकेशन अख्खा भारत न ठेवता पुणे करा. जाहिरात चालू नसेल तर तिथे नेमका आकडा दिसत नाही, १० ते १०० असा ढोबळ पट्टा दिसतो आणि एखाद्या भागाचं नाव घातलं की कधीकधी काहीच दिसत नाही. त्यावरून कोणी शोधत नाही असं समजून शब्द खोडू नका, एका भागातले महिन्याला वीस जण जरी शोधत असतील तरी प्लंबरसाठी ती खरी कामं आहेत.

आता खरं वेळखाऊ काम, आणि इथे घाई करू नका. प्रत्येक शब्द इन्कॉग्निटोमध्ये शोधून पहिले दहा निकाल उघडून बघायचे. दोन शब्दांना सहा-सात निकाल तेच येत असतील तर दोघांना मिळून एकच पान पुरे, वेगळेच येत असतील तर पानं वेगळी. बेसिन आणि किचन सिंक आम्ही एकत्र घेतलं, कमोड चोकअप वेगळं ठेवलं. एकाच कामाची दोन पानं केली तर गूगल आज हे दाखवतं उद्या ते, आणि दोन्ही मागे राहतात.

बाथरूम लिकेजवर आम्ही चुकणारच होतो. यादीत तो शब्द सगळ्यात वर होता, पण शोधल्यावर बहुतेक वॉटरप्रूफिंगवाले आले, म्हणजे लोकांना टाइल्सच्या सांध्यातून झिरपणारं पाणी थांबवायचंय. भाऊ ते काम करत नाही, तो भिंतीतला पाईप फुटला तर तो बदलतो. म्हणून ‘कन्सील्ड पाईप लिकेज’ असं पान केलं आणि पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं की नळ बंद असतानाही मीटर फिरत असेल तर पाईप तपासून घ्या, फक्त अंघोळीनंतरच ओल येत असेल तर बहुधा काम वॉटरप्रूफिंगचं आहे. नाहीतर नको ते फोन येत राहिले असते.

भागांचं म्हणाल तर कर्वेनगर, वारजे, बावधन अशी नुसतं नाव बदललेली बारा पानं करू नका, गूगल त्याला स्पॅम धरतं. त्या भागात केलेल्या कामाचे फोटो, तिथल्या जुन्या सोसायट्यांमधल्या जीआय पाईपच्या तक्रारी असं खरं काही लिहायला असेल तरच वेगळं पान.

यानंतर टायटल, म्हणजे गूगलच्या निकालात पानाचं जे नाव ठळक दिसतं ते. शीटमध्ये एका ओळीत एक पान, त्याचा मुख्य शब्द आणि टायटल. आधी काम, मग भाग, जागा उरली तर शेवटी दुकानाचं नाव, कारण लांब टायटल मोबाईलवर शेवटाकडून कापलं जातं. साधारण ५०-६० रोमन अक्षरांत बसवा. आमची तीन अशी होती:

```
<title>Plumber in Kothrud, Pune: Home Visit</title>
<title>Basin and Sink Choke Up Cleaning, Kothrud Pune</title>
<title>Concealed Pipe Leakage Repair, Kothrud Pune</title>
```

टायटलमध्ये near me घालायची गरज नाही, शोधणारा कुठे आहे ते गूगल स्वतःच बघतं आणि तिथे आधी नकाशा येतो, त्यासाठी गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट भरा. पानावरचं मोठं हेडिंग टायटलशी जुळतं ठेवा. आमच्या सगळ्या पानांवर थीमने ‘वेलकम’ असं हेडिंग टाकलं होतं, आणि टायटल व हेडिंगचा मेळ नसला की गूगल निकालात स्वतःच दुसरं टायटल लावू शकतं.

साइट चालू झाली त्या दिवशीच सर्च कन्सोल, म्हणजे आपली पानं कोणत्या शब्दांना दिसतात ते सांगणारं गूगलचं टूल, जोडा, कारण आकडे जोडल्यापासूनच साठायला लागतात. महिना-दीड महिन्याने प्रत्येक पानाच्या क्वेरी, म्हणजे लोकांनी शोधलेले शब्द, उघडून शीटशेजारी ठेवा. फ्लश टँकच्या पानावर आम्हाला flush valve repair हा शब्द दिसला जो आमच्या यादीत नव्हताच, मग तो टायटलमध्ये घेतला.