दहिसरची जागा बिनशेती करताना

आमच्या दहिसरच्या जागेचा सातबारा शेतीचाच होता. बिनशेती परवानगीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ चा अर्ज लिहायला घेतला, पण आधी पालिकेकडून डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात जागा कशासाठी दाखवली आहे त्याचा दाखला काढला आणि त्यात निवासी झोन निघाला. अंतिम विकास आराखड्यात असं असेल तर तेव्हा कलम ४२-ब लागू व्हायचं: रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरली की वेगळी परवानगी लागायची नाही, भरल्याची पावतीच बिनशेतीचा पुरावा असायची. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात त्याच कलमाखाली अर्ज दिला. सोबत सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा, डीपी रिमार्क आणि ओळखपत्रं.

अडलं ते मोजणीवर. नकाशातलं क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी भरत होतं. भूमी अभिलेखकडून दुरुस्ती करून घेतली, मगच आकारणी ठरली. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन नसलेली जमीन, होतं हे बरं. बंधन असलेला वर्ग २ असता तर सरकारला नजराणा वेगळा भरावा लागला असता.